भाऊसाहेबांची सेवा नेमकी किती झाली? निरोपाच्या भाषणासाठी वर्षं, महिने आणि दिवस मोजण्याची रीत

तुम्ही तहसील कार्यालयात नुकतेच लागला असाल आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नायब तहसीलदार साहेबांनी सांगितलं असेल की "भाऊसाहेबांच्या सेवापूर्तीला दोन शब्द तुम्ही बोला, आणि सेवा किती झाली ते नीट वर्ष, महिने, दिवसांसकट सांगा", तर हा लेख तुमच्यासाठी आहे. शाल, श्रीफळ, सूत्रसंचालन हे कोणीतरी बघतं. आकड्याचं काम मात्र नव्या माणसाच्या अंगावर येतं, आणि ते वाटतं तितकं सोपं नसतं.

समोर खुर्चीत बसलेल्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखा तपासल्या आहेत. फेरफाराची तारीख, नोटिशीची मुदत, अपिलाचे दिवस हे सगळं त्याने बोटांवर मोजलेलं असतं. तुमच्या भाषणात एक दिवस कमी निघाला, तर तो काही बोलणार नाही, पण त्याच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही. म्हणून आकडा घरी बसून मोबाईलवर काढू नका. सेवापुस्तक उघडून काढा.

उदाहरणासाठी आपण एक भाऊसाहेब मनाने उभे करू. तारखा मात्र खऱ्या कॅलेंडरला जुळतील अशाच घेऊ. जन्मतारीख १ जून १९६७. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगडच्या तहसील कार्यालयात लिपिक म्हणून रुजू. मग जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदल्या, अव्वल कारकून पदावर बढती, आणि शेवटी दापोलीच्या तहसील कार्यालयातून निवृत्ती.

पहिली पायरी: शेवटची तारीख पक्की करा

शेवटापासून सुरुवात करायची, कारण तो सोपा आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लिपिक वर्गाचं निवृत्तीचं वय ५८ आहे. ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर कर्मचारी निवृत्त होतो. मात्र जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात.

हा अपवाद आपल्याकडे अपवाद राहिलेलाच नाही. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, जन्माचा दाखला नसायचा, आणि गुरुजी नाव घालताना १ जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणून ३१ मे या तारखेला प्रत्येक तालुक्यात निवृत्त होणाऱ्यांची रांग लागते. आपले भाऊसाहेब १ जून १९६७ चे, म्हणजे त्यांची निवृत्ती ३१ मे २०२५. "जूनचा जन्म, म्हणजे जूनअखेर निवृत्ती" असं धरलंत तर थेट एक महिना जास्त मोजला जाईल.

आता कॅलेंडर बघा. ३१ मे २०२५ हा शनिवार आहे. शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू असल्याने कार्यक्रम शुक्रवारी, ३० तारखेला होणार. टेबलाचा कार्यभारही शुक्रवारीच दुसऱ्याकडे जाणार. पण सेवा शनिवारपर्यंत आहे. त्यामुळे मोजायचं ते ३१ पर्यंत, आणि भाषणात "आज निवृत्त होत आहेत" असं न म्हणता "उद्या" म्हणायचं. निवृत्तीचा आदेश फाईलला असतोच. त्यातली तारीख आणि तुमची तारीख एक आहे ना, एवढं बघून पुढे जा.

दुसरी पायरी: पहिली तारीख सेवापुस्तकातून घ्या

इथे मात्र घाई नको. सुरुवातीच्या चार वेगवेगळ्या तारखा हाताला लागतात आणि नवा माणूस त्यांतली पहिली दिसेल ती उचलतो. एक असते नेमणुकीच्या आदेशाची तारीख. दुसरी, भाऊसाहेबांना तोंडपाठ असलेली. तिसरी, वेतनाच्या संगणकप्रणालीत कोणीतरी पुढे कधीतरी भरलेली. आणि चौथी, ते प्रत्यक्ष रुजू झाल्याची. आपल्याला हवी ती चौथी. बाकीच्या तिन्ही तिच्याशी जुळल्या तर उत्तमच, पण जुळत नसतील तर सेवापुस्तकातली रुजू होण्याची नोंद आणि मूळ रुजू अहवाल यांवरच जायचं.

आस्थापनेच्या टेबलावर जाऊन सेवापुस्तक मागा. ते तुमच्या हातात देतील असं नाही, शेजारी बसून पाहू देतील. तेवढं पुरे. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे असतात. नेमणुकीची नोंद आतल्या पानांवर मिळते. कोकणात या पानांची एक अडचण आहे. इतक्या पावसाळ्यांची ओल खाऊन शाई पसरलेली असते, पानं एकमेकांना चिकटलेली असतात, आणि देवनागरी १ आणि ९ यांच्यात फरक दाखवणारी ती लहानशी रेघ नेमकी पुसलेली असते. "२१/११/८९" असं लिहिलंय की "२१/९/८९", यावर दोघांची दोन मतं होतात.

अशा वेळी भिंग शोधू नका, दोन पानं पुढे उलटा आणि पहिल्या वेतनवाढीची नोंद बघा. सहाव्या वेतन आयोगाने सगळ्यांची वेतनवाढ १ जुलैला आणली. त्याआधी ती ज्याच्या त्याच्या रुजू होण्याच्या महिन्यात, त्या महिन्याच्या १ तारखेला पडायची. आपल्या भाऊसाहेबांची पहिली वेतनवाढ १ नोव्हेंबर १९९० ची दिसली, म्हणजे रुजू होण्याचा महिना नोव्हेंबरच. पुढच्या वर्षांच्या वेतनवाढीही नोव्हेंबरमध्येच असतील तर शंका उरत नाही. बिनपगारी रजेमुळे वेतनवाढ कधीकधी पुढे सरकते, म्हणून एकाच नोंदीवर थांबू नका, दोन-तीन बघा.

तारखेच्या पुढे बारीक अक्षरात "म.पू." किंवा "म.नं." लिहिलेलं असतं, तेही वहीत उतरवून घ्या. मध्यान्हपूर्व रुजू झाले असतील तर तो दिवस सेवेत धरायचा. मध्यान्हानंतर रुजू झाले असतील तर वेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं, म्हणून मोजणीही दुसऱ्या दिवसापासून करा. आपले भाऊसाहेब २१ नोव्हेंबर १९८९ ला, मंगळवारी, म.पू. रुजू झाले असं धरू.

एक प्रश्न आस्थापनेच्या माणसाला जरूर विचारा: सुरुवातीला तात्पुरती नेमणूक होती का, आणि मध्ये तांत्रिक खंड पडला होता का? त्या काळात तात्पुरत्या नेमणुकीत एक-दोन दिवसांचा खंड देऊन पुन्हा नेमायचे. खंड क्षमापित झाल्याची नोंद असेल तर सेवा सलग धरा. नोंद सापडत नसेल, तर भाषणात "सलग" हा शब्द वापरू नका, "पहिल्यांदा रुजू झाल्यापासून" असं म्हणा.

तिसरी पायरी: हाताने मोजा

माझा आग्रह आहे की आधी कागदावर मोजा, संगणक नंतर. पद्धत अशी. रुजू झाल्याच्या तारखेपासून आधी पूर्ण वर्षं पुढे चाला, मग पूर्ण महिने, आणि उरलेले दिवस बोटांवर मोजा.

२१ नोव्हेंबर १९८९ ला सुरू झालेलं पहिलं वर्ष २० नोव्हेंबर १९९० ला संपतं, २१ ला नाही. याच चालीने २० नोव्हेंबर २०२४ ला ३५ वर्षं पूर्ण होतात. २१ नोव्हेंबर २०२४ पासून महिने मोजा: २० डिसेंबर, २० जानेवारी, २० फेब्रुवारी, २० मार्च, २० एप्रिल, २० मे. झाले ६ महिने. आता २१ मे ते ३१ मे, दोन्ही दिवस धरून, ११ दिवस. सेवा झाली ३५ वर्षं, ६ महिने, ११ दिवस.

आता हेच शाळेतल्या वजाबाकीने करून बघा. २०२५-५-३१ मधून १९८९-११-२१ वजा केलं की दिवस येतात १०. एक दिवस गेला कुठे? वजाबाकी दोन तारखांमधलं अंतर सांगते. त्यात पहिला किंवा शेवटचा, एकच दिवस येतो. भाऊसाहेबांनी मात्र दोन्ही दिवस नोकरी केली आहे. निवृत्तीचा दिवस हा सेवेचाच शेवटचा दिवस. म्हणून वजाबाकी करायचीच असेल तर निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसातून करा, म्हणजे २०२५-६-१ मधून १९८९-११-२१ वजा करा.

त्यातही एक जागा सांभाळायची. १ मधून २१ जात नाहीत, म्हणून एक महिना उसना घ्यावा लागतो. सवयीने तिथे ३० दिवस धरले जातात: ३१ वजा २१, पुन्हा १०. पण उसना घेतलेला महिना मे आहे आणि मेचे दिवस ३१. एक अधिक एकतीस म्हणजे ३२, त्यातून २१ गेले की राहिले ११. मग महिने ५ उरले, त्यातून ११ जात नाहीत, वर्षातून १२ घेतले, १७ वजा ११ म्हणजे ६. वर्षं २०२४ वजा १९८९ म्हणजे ३५. दोन्ही पद्धतींनी एकच उत्तर आलं की आकडा खरा समजा. चालत जाण्याच्या पद्धतीत उसनं घेण्याची भानगडच नसते, म्हणून मी तीच आधी सांगितली.

एखाद्याची रुजू तारीख २९, ३० किंवा ३१ असेल तर फेब्रुवारीत अडायला होतं. तिथे फक्त एवढं ठरवा की आधी वर्षं संपवायची, मग महिने, आणि उरलेले दिवस खऱ्या कॅलेंडरवर मोजायचे.

चौथी पायरी: संगणकावर ताळा

एक्सेलमध्ये A1 ला रुजू तारीख, B1 ला निवृत्तीची तारीख टाका. मग तीन वेगळ्या रकान्यांत:

```
=DATEDIF(A1,B1+1,"y")
=DATEDIF(A1,B1+1,"ym")
=DATEDIF(A1,B1+1,"md")
```

`B1+1` विसरलात तर तोच एक दिवस पुन्हा हरवेल. उत्तर ३५, ६, ११ आलं पाहिजे. महिनाअखेरीच्या तारखांना तिसरं सूत्र कधीकधी चुकीचं उत्तर देतं, त्यामुळे २९ ते ३१ च्या तारखांना हाताची मोजणीच धरा.

एकूण दिवसांचा ताळा आणखी खात्रीचा. `=B1-A1+1` केलं की येतात १२,९७६ दिवस. याला ७ ने भागा: १,८५३ पूर्ण आठवडे आणि वर ५ दिवस. पहिला दिवस मंगळवार होता, म्हणजे शेवटच्या अपुऱ्या आठवड्यातले पाच दिवस मंगळवार ते शनिवार. आणि ३१ मे २०२५ शनिवारच आहे. वार जुळला म्हणजे दिवसांची बेरीज बहुधा बरोबर आहे. वार पुढेमागे झाला तर तितक्या दिवसांची चूक शोधा. हा ताळा भाषणात सांगायचा नाही. एकूण दिवसांचा आकडाही शक्यतो नको, कारण ऐकणाऱ्याला १२,९७६ मधून काहीच दिसत नाही. पस्तीस वर्षं मात्र दिसतात.

पाचवी पायरी: "या कार्यालयात" किती, ते वेगळं काढा

इथेच भाषणं सर्वांत जास्त घसरतात. "पस्तीस वर्षं या कार्यालयाची सेवा केली" असं वाक्य सहज तोंडातून जातं, आणि मागच्या रांगेत बसलेले मंडणगडचे नि गुहागरचे जुने सहकारी एकमेकांकडे बघतात. ते खास गाडी करून आलेले असतात, आणि त्यांच्याकडची वर्षं तुम्ही दापोलीच्या नावावर लावलेली असतात.

सेवापुस्तकातून दापोलीच्या कार्यालयातल्या रुजू आणि कार्यमुक्त होण्याच्या तारखा काढा. समजा भाऊसाहेब इथे दोनदा आले. पहिल्यांदा ३ जून १९९७ ला म.पू. रुजू आणि ११ जुलै २००३ ला म.नं. कार्यमुक्त. दुसऱ्यांदा ६ जून २०१६ ला म.पू. रुजू, ते निवृत्तीपर्यंत.

पहिला काळ: २ जून २००३ ला ६ वर्षं, २ जुलैला १ महिना, आणि ३ ते ११ जुलै ९ दिवस. दुसरा काळ: ५ जून २०२४ ला ८ वर्षं, ५ मे २०२५ ला ११ महिने, आणि ६ ते ३१ मे २६ दिवस. बेरीज करा: १४ वर्षं, १२ महिने, ३५ दिवस. दोन तुटक काळांची बेरीज करताना कोणता महिना ३१ चा हे ठरवता येत नाही, म्हणून इथे ३० दिवसांचा महिना धरणं रास्त आहे. ३५ दिवसांचा झाला १ महिना ५ दिवस. १३ महिन्यांचं १ वर्ष १ महिना. एकूण १५ वर्षं, १ महिना, ५ दिवस.

सगळ्या कार्यालयांचे असे काळ काढून बेरीज केलीत तर ती ३५-६-११ ला भिडणार नाही, थोडी कमी भरेल. घाबरू नका. एका ठिकाणाहून कार्यमुक्त होऊन दुसऱ्या ठिकाणी रुजू होईपर्यंतचा पदग्रहण अवधी सेवेत असतो, पण तो कोणत्याच कार्यालयाचा नसतो. कमी पडलेले दिवस साधारण तिथेच सापडतात. बेरीज एक-दोन दिवसांहून जास्त भरली तर मात्र एखादी तारीख चुकली आहे.

या तारखांचा आणखी एक उपयोग होतो. भाषणात प्रसंग घ्यायचे असतात, आणि कोकणात प्रसंग म्हटलं की आपत्तीच आठवतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, दापोली-मंडणगडात माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांची कौलं, पत्रे उडाले, आणि पंचनाम्यांचे गठ्ठे कार्यालयात येऊन पडले. त्या वेळी भाऊसाहेब दापोलीतच होते, तो प्रसंग बेलाशक घ्या. पण २६ जुलै २००५ चा महापूर त्यांच्या नावावर इथे लावू नका. तेव्हा ते दुसऱ्या तालुक्यात होते. कोणीतरी आठवण म्हणून ऐनवेळी सुचवतं आणि ती चांगली वाटते, म्हणून सांगून ठेवतो: प्रत्येक प्रसंगाची तारीख या दोन काळांत बसते का ते आधी बघा. आणि ते तेव्हा त्या टेबलावर होते का, हे त्यांच्या सोबत्याला विचारा.

सहावी पायरी: कोणता आकडा बोलायचा नाही

निवृत्तिवेतनाच्या कागदांत "अर्हताकारी सेवा" असा शब्द आणि वेगळा आकडा दिसेल. त्यातून काही रजा, काही खंड वजा केलेले असतात, आणि हिशोब सहामाहींत असतो. तो आकडा पैशांसाठी आहे. घरात कोणाचं आजारपण होतं म्हणून भाऊसाहेबांनी असाधारण रजा घेतली असेल, तर ते दिवस निरोपाच्या दिवशी वजा करून सांगणं बरं नाही. भाषणात रुजू होण्यापासून निवृत्तीपर्यंतचा पूर्ण सेवाकाळ सांगायचा. मात्र त्याला चुकूनही "अर्हताकारी" म्हणायचं नाही, नाहीतर जाणकार लगेच आकडा तपासायला लागतील.

सातवी पायरी: वाक्य बांधा

आकडा भाषणात एकदाच, पूर्ण, आणि दोन्ही तारखांसोबत यावा. सुरुवातीलाच टाकलात तर लोक अजून खुर्च्या सरकवत असतात. स्वागत आणि दोन वाक्यांनंतरची जागा चांगली. साधारण असं:

"भाऊसाहेब, २१ नोव्हेंबर १९८९ ला, मंगळवारी सकाळी, आपण मंडणगडच्या तहसील कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झालात. उद्या, शनिवारी, ३१ मे २०२५ ला आपण अव्वल कारकून म्हणून निवृत्त होत आहात. पहिला आणि शेवटचा दिवस धरून ही सेवा होते पस्तीस वर्षं, सहा महिने आणि अकरा दिवस. त्यातली पंधरा वर्षं, एक महिना आणि पाच दिवस आपण आम्हाला, दापोलीला, दिलीत. बाकीची वर्षं ज्या तालुक्यांना मिळाली, तिथली मंडळी आज इथे आली आहेत, त्यांचंही स्वागत."

बोलताना वर्षांनंतर क्षणभर थांबा, मग महिने, मग दिवस. कागदावर आकडे अक्षरांत लिहून ठेवा. घाईत ३५ चे ५३ वाचले जातात. "सुमारे" आणि "जवळजवळ" हे शब्द या वाक्यात नकोत. त्यानंतर लगेच एक प्रसंग सांगा, निसर्गच्या पंचनाम्यांसारखा, आणि भाषण पाच मिनिटांत संपवा. मेअखेरीची दुपार असते, सभागृहात उकाडा असतो, आणि गाडी करून आलेल्यांना परत जायचं असतं.

३१ मे ला एकाच कार्यक्रमात तिघा-चौघांचा निरोप असेल, तर प्रत्येकासाठी वेगळा कागद करा. निवृत्तीची तारीख सगळ्यांची एकच असल्यामुळे आकडे एकमेकांत मिसळतात. रुजू तारीख, निवृत्तीची तारीख, एकूण सेवा, या कार्यालयातली सेवा, एवढ्या चार ओळी प्रत्येकाच्या कागदावर वर लिहा.

आकडा पक्का झाला की तो आधी मानपत्र छापणाऱ्याला कळवा. मानपत्र कार्यक्रमाच्या चार-आठ दिवस आधी छापायला जातं, आणि तिथे कोणीतरी अंदाजाने "३५ वर्षे ६ महिने १० दिवस" देऊन मोकळा झालेला असतो. भाषणात अकरा आणि चौकटीत दहा असं झालं तर भिंतीवर चौकटीतलंच राहतं. छपाईचा मजकूर मोबाईलवर मागवा, रुजू तारखेतला १ आणि ९ पुन्हा एकदा बघा, आणि मगच छापायला सांगा.